रेंडरमधली गाडी, गॅरेजचे शटर आणि ड्राइव्हवेचा चढ

सिडनीतल्या आमच्या एका मित्राने गेल्या वर्षी घरासमोर नवे गॅरेज बांधायचे ठरवले. घर चढावर आहे, म्हणजे रस्ता खाली आणि जोते वर. त्याने कुणाकडून तरी एक रेंडर करून घेतले आणि आमच्या ग्रुपवर टाकले. चित्र देखणे होते. लाल विटांची भिंत, करड्या रंगाचे रोलर शटर अर्धे वर गेलेले, चढावर त्याचीच पांढरी कोरोला हॅचबॅक उभी, मागे संध्याकाळचे ऊन. सगळ्यांनी अंगठे दाखवले. काँक्रीटवाला पुढच्या आठवड्यात येणार होता.

मला मात्र त्या चित्रात काहीतरी खुपत होते आणि नेमके काय ते पटकन सांगता येईना. मी त्याच्याकडून मूळ फाईल मागवली, ब्लेंडरमध्ये उघडली आणि मोजायला बसलो. मग तीन गोष्टी सापडल्या. गाडी लहान होती, शटर उघडताना जादूने आक्रसत होते, आणि ड्राइव्हवे असा होता की खरी गाडी माणसांनी भरून नेली तर तिचे पोट घासले असते. तिन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या. म्हणूनच चित्र छान दिसत होते.

तुम्ही स्वतः रेंडर करत असाल किंवा कुणी करून दिलेले रेंडर बघून पैसे मोजणार असाल, तर या तीन गोष्टी कशा तपासायच्या ते आज पाहू. उदाहरण त्याच घराचे घेतो. मापे ऑस्ट्रेलियातली आहेत, पण रीत कुठेही चालेल.

आधी टायर मोजा

गाडीची तयार मॉडेले इंटरनेटवरून उतरवून घेतली जातात आणि ती कुठल्या एककात बनवली आहेत याचा भरवसा नसतो. कुणी सेंटिमीटरमध्ये करतो, कुणी इंचात, कुणी मनाला येईल तसे. शंभरपट मोठी गाडी आली तर ती लगेच लक्षात येते आणि आपण ती लहान करतो. खरा धोका त्यानंतर सुरू होतो, कारण ती लहान करताना आपण नजरेने करतो. गॅरेजच्या दारात ‘बरी दिसेल’ इतकी ती आक्रसली की थांबतो. आणि गाडी जरा लहान असली की गॅरेज प्रशस्त दिसते, त्यामुळे हात नेहमी त्याच बाजूला चुकतो.

गाडीची लांबी तपासणे हा सरळ उपाय, पण मॉडेलमध्ये बंपर, अँटेना, कधीकधी जमिनीवरची खोटी सावलीही त्याच वस्तूत धरलेली असते. मी आधी टायर मोजतो. टायरवर जे आकडे छापलेले असतात त्यांतून त्याचा व्यास नेमका काढता येतो. मित्राच्या कोरोलाच्या टायरवर `205/55 R16` असे आहे. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि १६ म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचात. रिम झाली ४०६ मिलिमीटर. कडेची उंची ११३ मिलिमीटर, ती वर एकदा आणि खाली एकदा. बेरीज ६३२ मिलिमीटर. म्हणजे टायर ६३ सेंटिमीटर उंच असायला हवा.

फाईलमध्ये टायर निवडून `N` दाबले, बाजूच्या पट्टीत `Dimensions` पाहिले, तर उंची ५६ सेंटिमीटर. गाडी खऱ्याच्या ८९ टक्के होती. ही कोरोला ४.३७५ मीटर लांब आणि आरसे सोडून १.७९ मीटर रुंद असते. चित्रातली जेमतेम ३.८८ मीटर लांब आणि १.५९ मीटर रुंद होती.

अकरा टक्के म्हणजे फार नाही असे वाटेल. पण आता दाराकडे बघा. दाराची रुंदी २.४ मीटर. खऱ्या गाडीची रुंदी उघड्या आरशांसकट साधारण २.०५ मीटर धरली तर दोन्ही बाजूंना सतरा-अठरा सेंटिमीटर उरतात, म्हणजे एक वीतसुद्धा नाही. चित्रातल्या गाडीला एकोणतीस उरत होते. पहिल्या परिस्थितीत रोज आत शिरताना श्वास रोखावा लागतो, दुसरीत फोनवर बोलत आत जाता येते. आणि दार २.४ मीटर ठेवायचे की थोडे वाढवायचे हे मित्र त्या चित्रावरूनच ठरवत होता.

फाईल हातात नसेल आणि नुसते चित्र असेल तर विटा मोजा. ऑस्ट्रेलियातली नेहमीची वीट ७६ मिलिमीटर उंच असते आणि मधला सांधा १० मिलिमीटरचा, म्हणजे एक थर ८६ मिलिमीटरचा. सात थर म्हणजे ६० सेंटिमीटर, हे इथल्या गवंड्यांचे पाठ असलेले माप आहे. २.१ मीटरचे दार साडेचोवीस थरांच्या आसपास यायला हवे. तेवढे आले तर विटांचे चित्र भिंतीवर योग्य मापात चिकटवले आहे. (बऱ्याचदा नसते. दार तीस थरांचे किंवा पंधरा थरांचे निघते, आणि मग विटांवरून काहीच ठरवता येत नाही.) विटा बरोबर असतील तर टायर सात थरांहून थोडा अधिक दिसला पाहिजे. गाडी भिंतीच्या पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ उभी असेल तर आणखी मोठा दिसेल. मित्राच्या चित्रात गाडी भिंतीच्या पुढे असूनही टायर सात थरांना पुरत नव्हता. मला जे खुपत होते ते बहुधा हेच.

दुरुस्ती सोपी आहे. ६३.२ भागिले ५६ म्हणजे १.१३. गाडीचे सगळे भाग ज्या एका वस्तूला बांधलेले आहेत ती निवडायची, `S` दाबून `1.13` टाइप करायचे आणि एंटर. एकाच दिशेने कधी ताणू नका. लांबी कमी वाटली म्हणून गाडी फक्त लांबीत ताणली की चाके लंबगोल होतात, आणि लंबगोल चाक डोळ्याला लगेच कळते. मोठी केल्यावर चाके जमिनीत रुततात, ती वर उचलायची, पण अगदी टेकतील इतकी नाही. खऱ्या टायरचा तळ वजनाने चपटा होतो. मॉडेलमधला टायर पूर्ण गोल असतो, म्हणून तो जमिनीत एक सेंटिमीटर बुडवून ठेवला की गाडीला वजन आल्यासारखे वाटते.

शटर कुठे जाते?

शटर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दादर किंवा लक्ष्मी रोडवरचे दुकानाचे शटर येते. लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, खडखडाट करत वर जाणाऱ्या. ऑस्ट्रेलियातल्या घरांचे नेहमीचे रोलर डोअर तसे नसते. इथे तो पन्हळी पत्र्याचा एकच सलग पडदा असतो आणि तो वरच्या नळकांड्यावर गुंडाळला जातो. बी अँड डी या इथल्या कंपनीने तो प्रकार १९५६ मध्ये आणला आणि आज जुन्या उपनगरांत दर दुसऱ्या गॅरेजला तो दिसतो. त्यामुळे सिडनीच्या घराच्या चित्रात पट्ट्यांचे दुकानी शटर लावले की बघणाऱ्याला ते घर नेमके कुठले ते कळेनासे होते. ब्रिटनमध्ये मात्र घरांनाही पट्ट्यांचेच शटर लावतात, तिथे ते बरोबर ठरेल.

पण प्रकारापेक्षा मोठी चूक वेगळी आहे. अर्धे उघडलेले शटर दाखवण्यासाठी चित्र करणाऱ्याने शटरची उंची अर्धी केली होती. त्यामुळे पत्र्याच्या पन्हळीही अर्ध्या झाल्या. पूर्ण बंद असताना जितक्या पन्हळी, तितक्याच अर्धे उघडे असतानाही, फक्त दाटीवाटीने. खरा पत्रा आक्रसत नाही, तो वर सरकतो. म्हणून शटर लहान न करता ते पूर्णच्या पूर्ण वर उचला. त्याचा वरचा भाग लिंटेलच्या मागे जाईल आणि बाहेरून दिसणार नाही. काम संपले. दोन पन्हळींमधले अंतर किती ठेवायचे ते मात्र पुस्तकात शोधू नका, ज्या प्रकारचे शटर बसवायचे आहे त्याच्यासमोर टेप घेऊन उभे राहा आणि एका मीटरमध्ये किती पन्हळी येतात ते मोजा.

आता प्रश्न असा की वर गेलेला पत्रा मावतो कुठे? हे गणित गंमतीचे आहे आणि उपयोगाचेही. गुंडाळी बाजूने पाहिली तर ती वर्तुळाकार दिसते. पत्रा सरळ असताना त्याच्या कडेने जितके क्षेत्रफळ व्यापतो, गुंडाळल्यावरही तितकेच व्यापणार. समजा पडदा २.२ मीटर लांब आहे, एक वेढा पन्हळीसकट २ सेंटिमीटर जागा घेतो, आणि आतल्या नळकांड्याची त्रिज्या १२ सेंटिमीटर आहे. मग बाहेरची त्रिज्या R अशी निघते:

`R² = 0.12² + (2.2 × 0.02) / π = 0.0284`

`R = 0.169`

म्हणजे गुंडाळी साधारण ३४ सेंटिमीटर जाडीची होते. ती फिरायला थोडी मोकळी जागा आणि तिला धरणारे कंस मिळून दाराच्या वर साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर उंची लागते. मित्राच्या चित्रात दाराच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत २५ सेंटिमीटर होते. ते गॅरेज त्याच मापाने बांधले असते तर एक तर हे शटर बसले नसते किंवा दार जवळपास वीस सेंटिमीटर बुटके करावे लागले असते. बाहेरून काढलेल्या चित्रात गुंडाळी दिसत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षातही येत नाही. पण दार आणि छपराची पन्हळ यांमधली भिंतीची पट्टी दिसते. ती पट्टी फार अरुंद असेल तर शटर जाणार कुठे, हा प्रश्न नक्की विचारा.

आणि आता चढ

खरा घोळ इथे होता. हद्दीपासून गॅरेजच्या दारापर्यंत ६ मीटर अंतर आणि गॅरेजची फरशी फुटपाथपेक्षा १ मीटर उंच. चित्रात तो चढ म्हणजे तळापासून दारापर्यंत एकच सरळ फळी टेकवलेली होती. सहा मीटरांत एक मीटर, म्हणजे चढ १६.७ टक्के. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे गाड्यांच्या पार्किंगचे जे मानक आहे (एएस/एनझेडएस २८९०.१), त्यात घरगुती ड्राइव्हवेला २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे चारास एक, चढ चालतो. मग १६.७ मध्ये अडचण काय?

अडचण चढाची नसते, चढ जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो त्या दोन मोडांची असते. गाडी एकसारख्या चढावर आरामात जाते. चढ अचानक बदलतो तिथे ती घासते. म्हणून तेच मानक मोडालाही मर्यादा घालते. वरच्या टोकाला, जिथे जमीन उंटाच्या पाठीसारखी वाकते, तिथे चढातला बदल एका वेळी १२.५ टक्क्यांहून जास्त नको. खालच्या टोकाला, जिथे ती द्रोणासारखी वाकते, तिथे १५ टक्क्यांहून जास्त नको. मित्राच्या चढाने दोन्ही मर्यादा ओलांडल्या होत्या.

वरच्या मोडावर काय होते ते डोळ्यांसमोर आणा. पुढची चाके गॅरेजच्या सपाट फरशीवर पोचली आहेत, मागची अजून चढावर आहेत आणि दोन्हींच्या मधोमध तो मोड आहे. दोन चाके जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडणारी रेघ काढली तर मोड त्या रेघेच्या वर डोकावतो. किती डोकावतो? चाकांमधले अंतर W आणि चढातला बदल g धरला तर जवळपास असे:

`h = W × g / 4`

कोरोलाच्या चाकांमधले अंतर २.६४ मीटर आहे. g म्हणजे ०.१६७. उत्तर ०.११ मीटर, म्हणजे ११ सेंटिमीटर. रिकाम्या गाडीच्या पोटाखाली १३ सेंटिमीटरच्या आसपास जागा असते. म्हणजे एकटा माणूस घरी आला तर दोन सेंटिमीटरने सुटतो. शनिवारी चार जण, मागे किराणा आणि तांदळाची पोती, की स्प्रिंग तीन-चार सेंटिमीटर दबते आणि पोट घासते. ही चूक म्हणूनच फसवी असते. काँक्रीट ओतल्यावर पहिल्या दिवशी गाडी वर नेऊन बघितली तर सगळे ठीक वाटते.

सूत्रात W आहे हे लक्षात घ्या. चित्रातली गाडी ८९ टक्के होती, तिच्या चाकांमधले अंतर २.३४ मीटर, तिच्यासाठी मोड पावणेदहा सेंटिमीटरच डोकावत होता. गाडीचे माप चुकले की चढाची परीक्षाही चुकते, ती अशी.

खालच्या मोडावर धोका नाकाला असतो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून बंपरचे टोक साधारण ९५ सेंटिमीटर पुढे असते. चाक मोडापाशी येते तेव्हा नाकाखालची जमीन ९५ गुणिले ०.१६७, म्हणजे जवळपास १६ सेंटिमीटर वर आलेली असते. बंपरची खालची कड १८ सेंटिमीटरवर धरली तर इथेही दोनच सेंटिमीटर उरतात. ब्रेक दाबला की नाक खाली जाते, तेव्हा तेही उरत नाहीत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या ड्राइव्हवेच्या तळाशी काँक्रीटवर पांढऱ्या समांतर ओरखड्यांचा गुच्छ पाहिला असेल, तो याच हिशोबाचा.

यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांना मधल्या चढाच्या निम्म्या चढाचा तुकडा घालणे. पण एकूण १ मीटर उंची तर गाठायचीच आहे, त्यामुळे टोकांना चढ कमी केला की मधला वाढतो. मी आधी नेहमीप्रमाणे दोन-दोन मीटरचे तुकडे घालून पाहिले. मधल्या २ मीटरला चढ x, दोन्ही टोकांना x च्या निम्मा, तर एकूण उंची ४x होते. ती १ मीटर व्हायची तर x बरोबर २५ टक्के. नियमात बसते, पण अगदी काठावर. पावसात, ओल्या पानांवर, कचऱ्याचा भरलेला डबा ओढत त्या चढावर चालून बघा.

मग तुकडे एक-एक मीटरचे केले. आता मधला भाग ४ मीटरचा, एकूण उंची ५x, म्हणजे x २० टक्के आणि टोके १० टक्के. एक मीटरमध्ये १० सेंटिमीटर, पुढच्या चार मीटरमध्ये ८० सेंटिमीटर, शेवटच्या एका मीटरमध्ये पुन्हा १० सेंटिमीटर. प्रत्येक मोडावर बदल फक्त १० टक्के. पण दोन मोड एक मीटरच्या अंतरावर आहेत आणि गाडी दोन्हींवर एकदम पसरते, त्यामुळे वरचे सोपे सूत्र इथे पुरत नाही. गाडी थोडी थोडी पुढे सरकवत प्रत्येक ठिकाणी मोजावे लागते. ते काम पायथनकडून करून घेऊ. ब्लेंडरच्या `Scripting` खिडकीत हे चालते:

```python
import numpy as np
x = [-6, 0, 1, 5, 6, 12]
z = [0, 0, 0.1, 0.9, 1.0, 1.0]
W, worst = 2.64, 0
for r in np.arange(-4, 8, 0.05):
    s = np.linspace(r, r + W, 265)
    g = np.interp(s, x, z)
    line = np.linspace(g[0], g[-1], 265)
    worst = max(worst, (g - line).max())
print(round(worst * 100, 1), "cm")
```

`x` मध्ये हद्दीपासूनचे अंतर आणि `z` मध्ये त्या ठिकाणची उंची, दोन्ही मीटरमध्ये. `r` म्हणजे मागचे चाक. प्रत्येक ठिकाणी जमीन चाकांच्या रेघेच्या किती वर येते ते मोजले जाते आणि सगळ्यांत वाईट आकडा छापला जातो. उत्तर ८.७ सेंटिमीटर येते. भरलेल्या गाडीच्या पोटाखाली साडेनऊ उरतील असे धरले तरी ती सुटते, जेमतेम बोटभर अंतराने. जुन्या सरळ चढासाठी `x = [-6, 0, 6, 12]` आणि `z = [0, 0, 1, 1]` असे बदलून पाहा, ११ येईल. खालच्या टोकाला चाक पहिल्या मोडापाशी असताना नाकाखाली आता साडेनऊ सेंटिमीटर जमीन वर येते, पण दुसऱ्या मोडापाशी ती पंधरा सेंटिमीटरच्या थोडी वर जाते, त्यामुळे तिथे जागा थोडीच वाढते.

इथे एक गोष्ट सोडून दिली आहे ती सांगतो. फुटपाथ मी सपाट धरला आहे. खरा फुटपाथ गटाराकडे थोडा उतरता असतो आणि गटाराच्या कडेला आणखी एक द्रोण असतो. हद्दीवर उंची किती ठेवायची ते कौन्सिल ठरवते, ते आपल्या हातात नसते. म्हणून शेवटचा हिशोब करताना कौन्सिलकडून आलेल्या उंच्या `x` आणि `z` मध्ये भरा, माझ्या नव्हे. आणि तुमचे घर रस्त्याच्या खाली असेल, म्हणजे ड्राइव्हवे गॅरेजकडे उतरत असेल, तर दारासमोर आडवी जाळीची नाली चित्रात दिसलीच पाहिजे. ती नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी शटरखालून आत येईल.

चढ दिसायला हवा

हिशोब बरोबर झाला तरी चित्रात चढ जाणवेलच असे नाही. समोरून, रस्त्यावर उभे राहून पाहिले की चढ आक्रसून सपाट दिसतो. तो कळायला जवळ एखादी खरीखुरी आडवी रेघ लागते. म्हणून मी ड्राइव्हवेच्या कडेला विटांची बुटकी भिंत घातली. तिचे थर आडवेच राहतात आणि काँक्रीट त्यांना तिरके कापत वर जाते. तळाशी भिंतीचे जितके थर दिसतात त्यांपैकी जवळपास बारा वर पोचेपर्यंत काँक्रीटखाली नाहीसे होतात, कारण बारा थर म्हणजेच एक मीटर. जुन्या चित्रात विटांचे थरही चढाबरोबर तिरके झाले होते. भिंत आणि जमीन एकत्र फिरवली की असे होते, आणि मग डोळा चढ मानायलाच तयार होत नाही.

गाडीही चढाबरोबर कलली पाहिजे. जुन्या चित्रात ती सपाट होती, पुढची चाके काँक्रीटमध्ये अर्धी गाडलेली आणि मागची अधांतरी, ते झाकायला खाली गडद सावली. मी गाडीचा आधारबिंदू मागच्या चाकाच्या तळाशी आणला, तो चढावर टेकवला आणि मग गाडी फिरवली. वीस टक्क्यांच्या चढावर हा कोन ११.३ अंश येतो. गाडी दोन वेगळ्या चढांवर पसरून उभी असेल तर दोन्ही चाकांखालच्या उंचीतला फरक २.६४ ने भागा आणि आलेल्या गुणोत्तरावरून कोन काढा. पुढचे चाक आपोआप जमिनीवर येते. आले नाही तर गाडीचे माप पुन्हा तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच निघते. कॅमेरा १.६ मीटर उंचीवर ठेवला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. आकाशातून काढलेले चित्र छान दिसते, पण तिथून कुणी गाडी घरी आणत नाही.

नवे चित्र जुन्याइतके देखणे झाले नाही. गाडी दारात अडकल्यासारखी दिसत होती, चढ अंगावर येत होता आणि दाराच्या वर भिंतीची रुंद पट्टी आली होती. मित्राने ते बघून पहिला प्रश्न विचारला, “अरे, दार एवढंसं कसं झालं?” दार तेवढेच होते. त्याने ते २.७ मीटर करून घेतले, गॅरेजचे छत वाढवून शटरसाठी जागा केली, आणि काँक्रीटवाल्याला एक मीटर, चार मीटर, एक मीटर असे तीन तुकड्यांचे नवे रेखाचित्र दिले. काँक्रीटवाला ते बघून म्हणाला की पुढच्या आठवड्यात जमणार नाही, साच्यांना अजून तीन दिवस लागतील.